केस ब्रीफचा साचा: रीझनिंग आणि रूल या दोन्ही खणांत तेच ते येतंय

निबोली

लॉच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. करार कायद्यात नेमलेल्या प्रत्येक केसचं एक पानी ब्रीफ काढायचं ठरवलंय. त्यासाठी वहीत चार खण आखलेत: फॅक्ट्स, इश्यू, रीझनिंग, रूल. साचा एकच असला की परीक्षेआधी भराभर चाळता येईल हा हिशेब. पण होतं असं की फॅक्ट्सचा खण दरवेळी ओसंडून वाहतो, आणि रीझनिंग व रूल या दोन्हींत एकच वाक्य शब्द फिरवून येतं. मग दोन खण ठेवायचे तरी कशाला?

नमुन्यासाठी एक ब्रीफ जसंच्या तसं टाकते. लालमन शुक्ला वि. गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३.

फॅक्ट्स: गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी नोकरांना शोधायला पाठवलं. पेढीवरचा मुनीम लालमन हरिद्वारला गेला. मागाहून मालकाने पत्रकं छापून ५०१ रुपयांचं बक्षीस लावलं. लालमनला मुलगा हृषीकेशला सापडला. त्याने तार केली, मालक येऊन मुलाला घेऊन गेले. लालमनला दोन गिन्न्या आणि नंतर २० रुपये मिळाले. पुढे सहा महिन्यांनी त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा त्याने बक्षिसापैकी ४९९ रुपयांसाठी दावा लावला. मालकाने पाठवतानाच बक्षीस कबूल केलं होतं.
इश्यू: लालमनला बक्षीस मिळेल का?
रीझनिंग: लालमनला बक्षिसाची माहिती नव्हती. माहिती नसेल तर स्वीकृती होत नाही.
रूल: प्रस्तावाची माहिती असल्याशिवाय स्वीकृती होत नाही.

रातकिडा

छान आहे की! याहून जास्त कुणी विचारत नाही. मी न्यायाधीश परीक्षेची तयारी करतोय, माझी ब्रीफं सहा ओळींच्या वर जात नाहीत. लालमन म्हणजे 'ज्ञान नाही तर स्वीकृती नाही', संपला विषय. रीझनिंग आणि रूल वेगळे नसतातच, दोन्ही मिळून रेशो, म्हणजे निकालाचा बंधनकारक गाभा. एकच खण कर.

आण्णा६२

नमस्कार. मला हा साचा फार उपयोगाचा वाटतो. आमची वडिलोपार्जित जमिनीची केस चौदा वर्षं चालू आहे, आता तिसरे वकील लावतोय. त्यांनी केसचा सारांश लिहून आणायला सांगितलाय. फॅक्ट्स मी लिहीन, पण इश्यू आणि रीझनिंग मीच लिहायचं का? कोर्टाचा निकाल तर अजून आलेलाच नाही.

जुना_वकील

आण्णा, हा धागा निकाल लागलेल्या केसबद्दल आहे, तुमच्या कामाचा नाही. तुमच्या नव्या वकिलांना तारीखवार घडामोडी हव्या असतील: कुठला दस्त कधी झाला, दावा कधी लावला, कुठल्या अर्जावर काय आदेश झाला, आणि प्रत्येकाची प्रत कुठे आहे. रीझनिंग त्यांच्यावर सोडा. 'आमच्यावर अन्याय झाला' हे पहिल्या पानावर नको, तारखा हव्यात.

निबोली, आता तुमचं. तुम्ही हा निकाल मूळ वाचलाय की गाइडमधून उतरवलंय? विचारतो अशासाठी, की तुमच्या फॅक्ट्समधलं शेवटचं वाक्य निकालाच्या बरोब्बर उलट आहे.

निबोली

हेडनोट आणि गाइड. मूळ निकाल आत्ता शोधून उघडलाय. छोटासाच आहे हो, मला वाटलं वीस-पंचवीस पानं असतील.

जुना_वकील

छोटाच आहे, म्हणून तर ब्रीफ शिकायला उत्तम.

तुम्ही लिहिलंय, 'मालकाने पाठवतानाच बक्षीस कबूल केलं होतं.' हे लालमनने दाव्यात *म्हटलं* होतं. कोर्टाने ते खोटं ठरवलं. निकालात स्पष्ट नोंद आहे की पत्रकं लालमन निघून गेल्यानंतर निघाली. वादीचं म्हणणं आणि सिद्ध झालेली गोष्ट ब्रीफमध्ये एकाच दावणीला बांधली की पुढचे तिन्ही खण बिघडतात. तुमच्या फॅक्ट्सप्रमाणे खरंच पाठवताना कबुली दिली असती, तर लालमन बहुधा जिंकला असता! तुमच्याच ब्रीफवर विसंबून वाचणारा म्हणेल, मग हरला कसा?

म्हणून फॅक्ट्सच्या खणात मी उभी रेघ मारतो. डावीकडे 'म्हणणं', उजवीकडे 'कोर्टाने धरलं'. डावी बाजू बहुतेक वेळा दोन ओळींत आटोपते. इश्यू आणि रूल लिहिताना फक्त उजवीकडे बघायचं.

आता महत्त्वाचं. उजव्या बाजूला एक वाक्य तुमच्याकडून राहिलंय, गाइडवालेही ते गाळतात. पत्रकं नंतर निघाली हे सांगून झाल्यावर न्या. बॅनर्जी लगेच म्हणतात की, तरी त्यातली काही पत्रकं लालमनला तिकडे पाठवलेली दिसतात. हे वाक्य वाचा आणि मग तुमचा रीझनिंगचा खण परत बघा.

निबोली

वाचलं. म्हणजे त्याला माहिती होती?

तळटीप

तेवढ्या एका वाक्यावरून तसं म्हणता येत नाही. पत्रकं पाठवली एवढंच आहे. मुलगा सापडण्याआधी पोचली की नंतर, हे निकालात नाही. पण 'लालमनला माहिती नव्हती' असंही निकालात कुठे नाही. ते गाइडचं वाक्य आहे, कोर्टाचं नव्हे.

रातकिडा

अहो पण कोर्ट स्वतःच म्हणतंय की करारासाठी प्रस्तावाची स्वीकृती लागते आणि माहिती असल्याशिवाय स्वीकृती होऊ शकत नाही. हेतू महत्त्वाचा नाही, पण ज्ञान आणि इरादा लागतो. हे माझ्या मनचं नाही, निकालातच आहे. सगळी पाठ्यपुस्तकं या केसला याच मुद्द्यासाठी दाखवतात. सगळे चुकले का?

जुना_वकील

वाक्य निकालात आहे, बरोबर. पण कुठे आहे आणि त्याच्यानंतर काय येतं ते बघा. रीझनिंगचा खण भरायची माझी पद्धत सांगतो, मग यावर येतो.

मी साचा छापलेल्या क्रमाने भरत नाही. आधी शेवट लिहितो: काय आदेश झाला. इथे खालच्या कोर्टाने दावा फेटाळला होता, लालमन पुनरीक्षणात उच्च न्यायालयात आला, अर्ज खर्चासह फेटाळला. मग आदेशापासून मागे मागे येत एकेका वाक्याला विचारतो, 'तू इथे काय करतोयस?' काही वाक्यं सर्वसाधारण कायदा सांगतात. काही या पक्षकारांबद्दल बोलतात. आदेशाला धरून ठेवणारी वाक्यं बहुतेक दुसऱ्या जातीची असतात.

या निकालात क्रम असा आहे. पहिल्यांदा: असा दावा करारावरच उभा राहू शकतो. मग स्वीकृती, ज्ञान, इरादा ही वाक्यं. मग: जाहीर बक्षिसाच्या बाबतीत काम पार पाडलं की स्वीकृती झाली असं अनुमान निघतं, करार कायद्याचं कलम ८ तेच सांगतं. इथवर लालमनचं नाव नाही. आणि पुढचं वाक्य 'परंतु प्रस्तुत प्रकरणात' असं वळण घेतं. म्हणजे आधीचं सगळं मान्य करूनही हा दावा करारावरचा धरता येत नाही, *कारण*... आणि कारण म्हणून ज्ञानाचा उल्लेखही येत नाही! येतं ते असं: वादी प्रतिवादीचा नोकर होता, शोधायला पाठवला होता. हरवलेल्या नातेवाइकाला शोधणं हे मुनिमाचं नेहमीचं काम नव्हे हे खरं, पण हरिद्वारला जायचं त्याने कबूल केलं तेव्हा ती खास जबाबदारी त्याने अंगावर घेतली. ती बक्षीस जाहीर होण्याआधीची. बंधन आधीपासूनच होतं, त्यामुळे ते काम नंतरच्या वचनाचं प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, होऊ शकत नाही. लगेच पुढचं वाक्य: या कारणांसाठी अर्ज फेटाळतो.

'या कारणांसाठी'च्या अलीकडे बोट ठेवलं की हाताला लागतं ते आधीचं बंधन.

निबोली

मग माझा रीझनिंगचा खण अख्खा चुकीच्या वाक्यावर उभा आहे. पण सर, हे दर केसला कसं ओळखायचं? 'परंतु प्रस्तुत प्रकरणात' असं प्रत्येक न्यायाधीश लिहीत नाहीत.

जुना_वकील

नाही लिहीत. तेव्हा उलटवून बघायचं. रूल म्हणून जे वाक्य लिहिलंय ते खोटं आहे असं धरा आणि विचारा: निकाल बदलला असता का? बदलला नसता तर त्या वाक्यावर निकाल उभा नव्हता.

धरा की कायदा असा आहे: माहिती नसली तरी चालतं, काम केलं की बक्षीस. लालमन जिंकतो का? नाही, कारण आधीचं बंधन तसंच आहे आणि प्रतिफल नाही. आता दुसरं उलटवा: आधीचं बंधन आड येत नाही असं धरा. मग कलम ८ आहे, काम पार पडलंय, पत्रकंही पाठवलेली दिसतात. दावा फेटाळायला कोर्टाने दिलेलं दुसरं कारण उरतच नाही.

तळटीप

ही कसोटी मीही वापरते, पण तिची एक खोच आहे. कोर्टाने निकालाला दोन स्वतंत्र कारणं दिली आणि दोन्हीपैकी एकही पुरेसं असलं, तर कसोटी दोघांनाही उडवते. पहिलं काढलं तर दुसऱ्यावर निकाल टिकतो, दुसरं काढलं तर पहिल्यावर. मग रेशो शून्य! हे अर्थातच चुकीचं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५० साली जेकब्स वि. लंडन काउंटी कौन्सिलमध्ये सांगितलंय की न्यायाधीशाने निर्णयाला दोन कारणं दिली तर केवळ दुसरं आहे म्हणून पहिल्याला ओबिटर, म्हणजे बंधनकारक नसलेला जाता जाता मारलेला शेरा, म्हणून बाजूला सारता येत नाही.

म्हणून रातकिडा यांची बाजू अगदीच लंगडी नाही. न्या. बॅनर्जींनी ज्ञानाची वाक्यं सहज जाता जाता टाकलेली नाहीत, विश्लेषणाची सुरुवातच तिथून आहे. 'ज्ञान नव्हतं *आणि* बंधनही होतं' अशी दोन कारणं आहेत असं कुणी वाचलं तर?

जुना_वकील

तसं वाचायला 'ज्ञान नव्हतं' हा निष्कर्ष तरी निकालात हवा ना? तो नाही. दोन कारणं म्हणायला दोन्ही कारणं तथ्यांना लावलेली असायला हवीत. जेकब्सचा प्रश्न तिथे येतो, इथे नाही. इथे एक तत्त्व नुसतं सांगितलंय आणि दुसरं लावलंय.

तळटीप

'पत्रकं निघून गेल्यानंतर निघाली' हा निष्कर्ष आहे की. त्याचा उपयोग कशाला? शोधायला निघताना त्याला बक्षीस ठाऊक असणं शक्य नव्हतं, हे त्यातून निघतंच.

जुना_वकील

त्याचा उपयोग 'बंधन बक्षिसाच्या *आधीचं* होतं' हे ठरवायला. निकाल स्वतः तो तसाच वापरतो. पण ठीक, तुमचं वाचनही अशक्य नाही. ब्रीफमध्ये मी ते लपवत नाही. रूलच्या खणाखाली छोटी ओळ ठेवतो: 'उद्धृत होतो तो मुद्दा'. तिथे ज्ञानाचं वाक्य. वर रूलमध्ये निकाल ज्यावर टेकलाय ते. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं की पुढे तुम्हालाच आठवत नाही कुठलं कोणतं.

निबोली

आता रूल लिहायला घेतला तर हे दोन झालेत, कुठला ठेवू?
एक: नोकराला मालकाने लावलेल्या बक्षिसावर हक्क सांगता येत नाही.
दोन: मुनिमाला हरवलेल्या पुतण्याच्या शोधात हरिद्वारला पाठवलं आणि मागाहून ५०१ रुपयांचं बक्षीस लावलं तर त्याला ते मिळत नाही.

जुना_वकील

एकही नाही. पहिला फार सैल, दुसरा फार घट्ट.

दुसरा रूल नव्हेच, ती फॅक्ट्सची पुनरावृत्ती झाली. पुढच्या केसमध्ये पुतण्याऐवजी म्हैस हरवली तर तो काय कामाचा?

पहिला मोहात पाडणारा आहे, पण निकालच त्याला अडवतो. शोधाशोध हे मुनिमाचं नेहमीचं काम नव्हतं, हे कोर्टाने मुद्दाम मान्य केलंय. म्हणजे नुसतं नोकर असणं पुरेसं धरलेलं नाही. त्याने *जायचं कबूल केलं*, त्यातून बंधन आलं. आता असा मुनीम घ्या ज्याला कुणी पाठवलंच नाही, जो सुट्टीत तीर्थाला गेला, तिथे पत्रक वाचलं आणि मुलगा शोधून काढला. पहिल्या रूलप्रमाणे तो हरतो. निकालाच्या तर्काप्रमाणे त्याला अडवायला काही नाही. रूल किती रुंद ठेवायचा हे असं ठरतं: प्रत्येक तथ्य एकेक करून बदला, तर्क ज्याच्यावाचून अडतो तेवढीच तथ्यं रूलमध्ये शिल्लक ठेवा.

याचा फायदा फॅक्ट्सलाही होतो. तुमचा खण ओसंडतो, कारण तुम्ही तो आधी भरता, तेव्हा काय लागणार हे माहीतच नसतं. रूल झाल्यावर परत वर जा आणि रीझनिंगने ज्याला हात लावला नाही ते खोडा. तार, दोन गिन्न्या, सहा महिने, बडतर्फी, ४९९ चा आकडा, सगळं जाईल. गिन्न्यांचं दुःख होतं, मलाही होतं, गोष्ट म्हणून तेच लक्षात राहतं. पण तर्कात त्यांना जागा नाही.

खटलेबाज

चर्चा छान चाललीय, पण हा साचा एका न्यायाधीशाच्या छोट्या निकालाला ठीक. केशवानंद भारतीला लावून बघा. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, अकरा वेगवेगळी निकालपत्रं. रीझनिंगचा खण एकच ठेवलात तर त्यात कुणाचं रीझनिंग लिहिणार?

तळटीप

तिथे मी केसचं एक ब्रीफ करतच नाही, एकेका इश्यूचं करते. प्रत्येक इश्यूखाली कोणते न्यायाधीश कोणत्या बाजूला आणि कोणत्या वाटेने आले. एकाच उत्तराला सातही जण वेगवेगळ्या वाटेने पोचले असतील तर रूलमध्ये फक्त सामाईक भाग येतो, आणि तो कधीकधी फारच बारीक निघतो. पण ते दुसऱ्या धाग्यात, इथे निबोलीचा गोंधळ होईल.

निबोली

गोंधळ आत्ताच आहे :) पण परत लिहिलंय. या वेळी आदेशापासून मागे येत.

आदेश: पुनरीक्षण अर्ज खर्चासह फेटाळला.
फॅक्ट्स, म्हणणं: पाठवतानाच बक्षीस कबूल केलं होतं.
फॅक्ट्स, कोर्टाने धरलं: तसं वचन नव्हतं. लालमन मुनीम, शोधायला जायचं कबूल करून हरिद्वारला गेला, प्रवासखर्च मिळाला. नंतर बक्षिसाची पत्रकं निघाली. काही त्याला पाठवलेली दिसतात. त्याने मुलाला शोधलं.
इश्यू: शोधायचं काम आधीच अंगावर घेतलेल्या माणसाला, ते काम केल्याबद्दल नंतर जाहीर झालेल्या बक्षिसावर करारानुसार हक्क सांगता येतो का?
रीझनिंग: दावा करारावरच टिकू शकतो. बक्षिसाच्या प्रस्तावात काम केल्याने स्वीकृतीचं अनुमान निघतं हे मान्य. पण हे काम नेहमीच्या नोकरीत नसलं तरी कबूल केल्यामुळे बंधनकारक झालं होतं, आणि तेही बक्षिसाआधी. म्हणून ते प्रतिफल नव्हे, म्हणून करार नाही.
रूल: वचन देणाऱ्याशी असलेल्या आधीच्या बंधनापोटी जे करायचंच होतं, ते करणं हे त्याच्या नंतरच्या वचनाचं प्रतिफल होत नाही.
उद्धृत होतो तो मुद्दा: प्रस्तावाच्या ज्ञानाशिवाय स्वीकृती नाही.

रीझनिंगमध्ये 'म्हणून' आणि 'पण' आलेत, रूलमध्ये लालमन नाही. दोन खण आता वेगळे दिसतायत असं वाटतंय.

जुना_वकील

उत्तम. 'वचन देणाऱ्याशी असलेल्या' हे शब्द तुम्ही आपणहून घातलेत, ते ठेवाच. बंधन तिसऱ्याच माणसाशी असेल तर प्रश्न वेगळा होतो, आणि या निकालाने त्याला हात लावलेला नाही. फक्त रीझनिंगमधलं शेवटचं 'म्हणून करार नाही' तपासा, निकालात तो दुवा तुम्ही लिहिलाय तितका उघड मांडलेला नाही. आपण जोडलेला दुवा असेल तर मी पेन्सिलने लिहितो.

आता हाच रूल घेऊन अलाहाबादचीच हरभजन लाल वि. हरचरण लाल, १९२५, वाचा. तिथेही हरवलेला मुलगा, ५०० रुपयांचं पत्रक. वादीने पत्रक वाचलेलं, मुलगा रेल्वे स्टेशनवर दिसला, त्याने वडिलांना तार केली. तो जिंकला.

निबोली

तो कुणाचा नोकर नव्हता, म्हणजे आधीचं बंधन नाही. माझा रूल टिकतो.

रातकिडा

आणि त्याने पत्रक *वाचलं होतं*. म्हणजे माझाही टिकतो. :) दोन केसेसमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात, तर फरक कशाने पडला ते तुमची कसोटी सांगेल का?

तळटीप

या जोडीवरून नाही सांगणार. त्यासाठी बंधन नसलेला पण पत्रक न वाचलेला वादी हवा.

रातकिडा

तो सापडेपर्यंत मी परीक्षेत ज्ञानच लिहिणार. फार तर खाली एक ओळ बंधनाची घालीन.

आण्णा६२

जुना_वकील साहेब, तारीखवार यादी केली. सत्तेचाळीस नोंदी झाल्या. त्यातही म्हणणं आणि धरलं असे दोन भाग करू का? दोन अंतरिम आदेशांत कोर्टाने काही गोष्टी धरल्या आहेत असं वाटतं.

जुना_वकील

करा आण्णा, तुमच्याही कामाला येईल. पण अंतरिम आदेशात 'प्रथमदर्शनी' असं लिहिलं असेल तर ते धरलेलं मोजू नका. तिसरा रकाना आखा.